हप्ता २१, भाडं २५: डिलिव्हरीची गाडी घ्यायची की लीजवर, या हिशोबात गेलेले अडीच महिने

आमचं पुठ्ठ्याचे खोके बनवायचं छोटं युनिट आहे, मी आणि दादा दोघं चालवतो. माल पोचवायला आत्तापर्यंत फेरीवर गाडी लावायचो. फेऱ्या वाढल्यावर स्वतःची एक बंद बॉडीची व्हॅन हवी असं ठरलं आणि त्यासाठी कर्ज हवं होतं, म्हणून बिझनेस प्लॅन लिहायला घेतला. प्लॅनचा बाकी भाग आठवड्याभरात झाला. पण आर्थिक भागात "गाडी विकत की लीजवर" हे एक पान होतं आणि त्याच एका पानाने आमचे जानेवारी ते मार्च खाल्ले. शोधताना मला फायदेतोट्यांच्या याद्या भरपूर सापडल्या, पण पूर्ण हिशोब मांडलेला कुठे मिळाला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी एक सांगते, मी खालचे सगळे आकडे गाडीची सगळं धरून किंमत १००० युनिट आहे असं समजून देणार आहे. गाड्यांच्या किमती आणि व्याजदर ठिकठिकाणी वेगळे असतात, त्यामुळे तुम्ही तुमची किंमत घालून त्याच पटीत बघा. आणि डिझेल, ड्रायव्हरचा पगार, टोल हे मी कुठेच धरलेलं नाही, कारण गाडी कुणाच्याही नावावर असली तरी ते तेवढंच येणार. दोन पर्यायांत जे सारखंच आहे ते काढून टाकलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन्हीकडून कोटेशन आलं. विकत घ्यायची तर २०० आपण भरायचे, ८०० चं कर्ज, १२ टक्के व्याज, ४ वर्षं, महिन्याचा हप्ता २१. लीजवाल्यांकडून ३ वर्षांसाठी महिना २५ भाडं, त्यात मेंटेनन्स, इन्शुरन्स आणि गाडी बंद पडली तर बदली गाडी हे सगळं धरलेलं, वर दोन महिन्यांचं भाडं म्हणजे ५० डिपॉझिट. दादा म्हणाला २१ म्हणजे २५ पेक्षा कमी, घेऊन टाकू. मला ते पटलं नाही, कारण २१ मध्ये इन्शुरन्स नाही, टायर नाही, काहीच नाही. म्हणून मी ३ वर्षांचं टेबल केलं, आमचा प्लॅनच ३ वर्षांचा होता ना. विकत घेतली तर ३ वर्षांत खिशातून जाणार २०० अधिक ३६ हप्ते अधिक मेंटेनन्स-इन्शुरन्सचे २०४, मिळून ११६० च्या आसपास. लीजचे सरळ ३६ गुणिले २५, म्हणजे ९००. लीज चक्क २६० ने स्वस्त! मी प्लॅनमध्ये लिहून टाकलं की लीज घेतोय, आणि २० जानेवारीला फाइल जमा केली.

९ फेब्रुवारीला फाइल परत आली. कर्ज बघणाऱ्या मॅडमनी त्या पानावर पेन्सिलने दोनच गोष्टी लिहिल्या होत्या. एक, "३ वर्षांनंतर गाडी कुणाकडे?" आणि दुसरं, "लाइफवर तुलना करा." मी फोन केला तेव्हा त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "बघा, विकत घेतली तर ३ वर्षांनी तुमच्या दारात गाडी उभी आहे आणि एकच वर्षाचं कर्ज राहिलंय. लीजमध्ये तुम्ही गाडी परत दिली आणि चौथ्या वर्षी तुमच्याकडे काहीच नाही. तुम्ही एकाचा पूर्ण खर्च धरलाय आणि दुसऱ्याची शिल्लक धरलीच नाही." ते ऐकल्यावर मला त्या टेबलातली चूक एकदम दिसली.

मग पहिला प्रश्न आला की गाडीचं आयुष्य किती धरायचं. इथे आमची फेऱ्यांची वही कामाला आली. गाडी लावताना दर फेरीचे किलोमीटर आम्ही लिहायचो, त्या वहीवरून मागच्या १४ महिन्यांची बेरीज केली तर सरासरी महिन्याला ३००० किलोमीटर निघाले, म्हणजे वर्षाला ३६,०००. ६ वर्षं म्हटलं तर २ लाख १६ हजार. तेवढी ही गाडी चालेल का हे कंपनीच्या माहितीपत्रकात कुठे सापडलं नाही, म्हणून मी दोन वेगवेगळ्या वर्कशॉपमध्ये जाऊन विचारलं. दोघांचंही म्हणणं साधारण एकच, आमचा माल हलका आणि फुगीर, त्यामुळे इंजिन आणि सस्पेन्शनवर ताण कमी, २ लाखांपर्यंत जायला हरकत नाही पण चौथ्या वर्षापासून क्लच, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी, टायरचा दुसरा सेट असं एकामागोमाग निघणार. त्या दोघांच्या अंदाजांची सरासरी काढून मी मेंटेनन्स आणि इन्शुरन्स मिळून सहा वर्षांचा खर्च लिहिला: ६०, ६६, ७८, मग ११०, १३३, १४६. शेवटच्या तीन आकड्यांत गाडी वर्कशॉपमध्ये असताना बाहेरून गाडी लावायचे दिवसही धरलेत, कारण लीजमध्ये बदली गाडी फुकट मिळते आणि ती सोय विकतच्या बाजूला विकतच घ्यावी लागते. हे धरलं नाही तर लीजवर अन्याय होतो.

दुसरा प्रश्न, ६ वर्षांनी विकली तर किती येतील. आधी मी जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघून ४०० धरले होते. मग आमच्याकडे गाडी चालवणारे मामा म्हणाले, "ताई, जाहिरातीतली किंमत मागायची असते, मिळायची नसते." ते मला घेऊन जुन्या गाड्यांच्या दोन डीलरकडे गेले, याच मॉडेलची सहा वर्षांची, दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी विकायची आहे असं सांगून भाव विचारला. दोघांनी २४० ते २७० च्या मध्ये सांगितलं, मी २५० धरले. तिथेच ३ वर्षांच्या गाडीचाही भाव विचारला, तो ५२० निघाला. हा ५२० चा आकडा तेव्हा मी सहज म्हणून लिहून घेतला होता, पण पुढे सगळा निकाल त्याच्यावरच फिरला, म्हणून तुम्ही भाव विचारायला गेलात तर वेगवेगळ्या वयाच्या गाड्यांचा विचारा.

लीजच्या बाजूलाही आयुष्य ६ वर्षंच हवं, म्हणजे ३ वर्षांची लीज दोनदा. दुसऱ्या वेळी भाडं तेच राहणार नाही, गाडीच महाग झालेली असणार, म्हणून मी १० टक्के वाढवून वर्षाचे ३०० चे ३३० केले. आणि मग लीजचा करारनामा पूर्ण वाचला, तो आधी मी वाचलाच नव्हता, फक्त कोटेशनचं एक पान बघितलं होतं. त्यात वर्षाला ३०,००० किलोमीटरची मर्यादा होती. आमचे ३६,०००. जास्तीच्या प्रत्येक किलोमीटरला वेगळा दर, तो आमच्या पटीत ०.००२ युनिट. वाचायला काहीच वाटत नाही, पण ३ वर्षांत १८,००० जादा किलोमीटर म्हणजे ३६ युनिट, म्हणजे जवळपास दीड महिन्याचं भाडं, आणि ते सगळं शेवटी एकदम.

दुसरं कलम होतं गाडी परत करतानाच्या स्थितीचं, "वाजवी झीज सोडून" असं. वाजवी म्हणजे काय हे मी मामांनाच विचारलं. त्यांनी मला आम्ही लावतो त्या गाडीच्या मागच्या बाजूला नेलं आणि दार उघडून दाखवलं. उंबऱ्याच्या पट्टीवर ट्रॉलीची चाकं रोज आपटून रंग गेलेला आणि पत्रा एका जागी आत दबलेला, आतल्या बाजूला खोक्यांच्या कोपऱ्यांनी दोन्हीकडे कमरेच्या उंचीवर आडव्या ओळीत ओरखडे. म्हणाले, "हे सगळ्या डिलिव्हरीच्या गाड्यांना असतं, पण परत घेणारा माणूस याचा फोटो काढणार." लीजवाल्यांकडून त्यांचं झिजेचं पत्रक मागवलं, त्यात दबलेला पत्रा आणि रंग उडून दिसणारं लोखंड दोन्ही पैसे लावण्याच्या बाजूला होतं. त्यासाठी दर परतीला २० धरले. हे पत्रक मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि सही करायच्या आधीच मागायचं. आत प्लायवूड लावून घेतलं तर बराच खर्च वाचतो, पण ते लावायचीही लेखी परवानगी लागते.

आता हे सगळे आकडे वेगवेगळ्या वर्षांतले. आजचे १००० आणि सहाव्या वर्षीचे २५० सरळ वजा करता येत नाहीत, त्यांची आजची किंमत काढावी लागते, आणि त्यासाठी कुठला दर धरायचा यावर मी अख्खा आठवडा अडकले. शेवटी आमचे हिशोब बघणारे काका, त्यांच्याकडे दोन वेळा जाऊन बसले, फी ४ युनिट लागली आणि ती वसूल झाली असं मी म्हणेन. काका म्हणाले, "लीज हा कर्जाचाच भाऊ आहे. लीज घेतली नाही तर तू काय करशील? कर्ज काढशील. मग कर्जाचाच दर लाव, पण टॅक्स वजा करून." व्याज खर्चात धरलं की तेवढा टॅक्स वाचतो, आमचा टॅक्स २५ टक्के धरला तर १२ टक्क्यांचे खरे पडतात ९ टक्के. आणि मग सगळेच आकडे टॅक्सनंतरचे घ्यायचे: भाडं ३०० असेल तर खरा भार २२५, कारण बाकी ७५ टॅक्समध्ये वाचले. विकत घेतली तर भाडं नाही पण घसारा आहे, वर्षाला १२५ (१००० मधून २५० वजा करून भागिले ६), त्यावर वर्षाला ३१ च्या वर टॅक्स वाचतो. घसाऱ्याचे नियम जिथले तिथे वेगळे असतात, त्यामुळे हा आकडा तुमच्या हिशोबनीसाकडूनच घ्या.

इथे मी दोन चुका केल्या, त्या दोन्ही नीट सांगते कारण दोन्ही टेबल बघून कळत नाहीत.

पहिली चूक, मी गाडीचे १००० धरले, वर कर्जाचं व्याज २११ पण धरलं, आणि मग सगळ्याला ९ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं. काकांनी बघितल्या बघितल्या खोडलं. ९ टक्क्यांनी डिस्काउंट करणं म्हणजेच व्याज मोजणं आहे, वर पुन्हा व्याज लिहिलं की ते दोनदा मोजलं गेलं. एकतर आज १००० गेले असं लिहायचं आणि कर्ज टेबलात आणायचंच नाही, नाहीतर २०० आज आणि पुढे सगळे हप्ते लिहायचे आणि मग १००० लिहायचे नाहीत. दोन्ही करून बघितलं, उत्तर जवळपास तेच येतं. हे समजायला मला वेळ लागला, पण समजल्यावर पुढे त्याचाच फार उपयोग झाला.

दुसरी चूक शीटमधली. मी हे सूत्र लिहिलं होतं:

```
=NPV(9%,B2:H2)
```

बी कॉलम म्हणजे आजचा दिवस, सी ते एच म्हणजे सहा वर्षं. पण हे फंक्शन पहिला आकडा वर्षाच्या शेवटी आला असं समजतं, त्यामुळे आजचे १००० पण एक वर्ष पुढे ढकलले गेले, आणि त्यांच्या मागचं सगळंच एकेक वर्ष सरकलं. त्यात लीजच्या ओळीत मी तेव्हा डिपॉझिट लिहिलेलं नव्हतं, बी कॉलम रिकामा होता, आणि रिकामा सेल हे फंक्शन सोडूनच देतं, म्हणजे लीजची ओळ सरकलीच नाही. एक ओळ सरकलेली आणि एक न सरकलेली, आणि विकतची बाजू उगाच ८५ युनिटने स्वस्त दिसत होती. बरोबर सूत्र असं:

```
=B2+NPV(9%,C2:H2)
```

आणि रिकाम्या सेलमध्ये शून्य लिहायचं, मोकळा ठेवायचा नाही. तपासायची सोपी युक्ती म्हणजे दर ० टक्के करून बघायचा, तेव्हा उत्तर साध्या बेरजेएवढं आलं पाहिजे, आणि मग एका ओळीत फक्त बी मध्ये १००० ठेवून बाकी शून्य करायचं, कुठल्याही दराला १०००च यायला हवेत. मी पहिलीच परीक्षा करून निवांत झाले होते, ही चूक दुसऱ्या परीक्षेत सापडली.

आता उत्तर. सगळं आजच्या किमतीत, टॅक्सनंतर, प्रत्येक वर्षाचे पैसे वर्षाअखेर गेले असं धरून. विकत: आज १०००, सहा वर्षांचा मेंटेनन्स-इन्शुरन्स वगैरे ३१७, त्यातून घसाऱ्यामुळे वाचलेला टॅक्स १४० वजा आणि शेवटी विकून येणाऱ्या २५० ची आजची किंमत १४९ वजा. निव्वळ १०२८. कर्जाची प्रोसेसिंग फी नंतर आठवली, ती धरून १०३४. लीज: पहिली तीन वर्षं ५६९, पुढची तीन ४८४, जादा किलोमीटर आणि परतीच्या दुरुस्तीचे ५७, आणि डिपॉझिट सहा वर्षं अडकून पडलं त्याचे २०, मिळून साधारण ११३०. म्हणजे सहा वर्षांवर विकत घेणं ९६-९७ युनिटने स्वस्त, गाडीच्या किमतीच्या जवळपास दहावा हिस्सा.

पण मग माझ्या मनात आलं की तीन वर्षांचंही याच पद्धतीने करून बघू, माझं पहिलं टेबल नक्की कुठे चुकलं ते कळेल. तीन वर्षांनी ५२० ला विकली असं धरून विकतचे झाले ६२५, फी धरून ६३१, आणि लीजचे ६१३. तीन वर्षांवर लीज खरंच थोडी स्वस्त होती! म्हणजे माझं उत्तर चूक नव्हतं, पण फरक २६० चा दिसत होता तो खरा फक्त १८ चा होता, आणि आम्हाला गाडी तीन वर्षांपुरती नकोच होती.

हे असं का होतं ते काकांनी एका वाक्यात सांगितलं. गाडीची किंमत पहिल्या वर्षांत सगळ्यात जास्त घसरते. आमच्या आकड्यांत पहिल्या तीन वर्षांत १००० ची ५२० होते, म्हणजे ४८० गेले, आणि पुढच्या तीन वर्षांत फक्त २७०. लीजच्या भाड्यात लीजवाला ती घसरणच आपल्याकडून वसूल करतो, त्यात गैर काही नाही, त्याचा धंदाच तो आहे. पण सहा वर्षांत दोन लीज म्हणजे ती सुरुवातीची मोठी घसरण आपण दोनदा भरतो. विकतची गाडी ठेवली तर ती एकदाच भरतो आणि मग सपाट भागावर चालत राहतो, बदल्यात जुन्या गाडीची दुरुस्ती अंगावर घेतो. म्हणजे खरा प्रश्न उरतो तो दुसऱ्या तीन वर्षांत वाचणारी घसरण जास्त की वाढणारी दुरुस्ती जास्त. हा प्रश्न असा मांडल्यावर दादालाही पटला, तोपर्यंत तो टेबलाकडे बघतही नव्हता.

म्हणून मग उत्तर कशाने उलटतं ते बघितलं. गाडी सहा वर्षांनी एका पैशालाही विकली गेली नाही असं धरलं, तर विकत आणि लीज जवळपास बरोबरीत येतात, लीज १०-१५ ने पुढे. म्हणजे विक्रीच्या किमतीत माझा अंदाज बराच चुकला तरी चालेल. पण चौथ्या ते सहाव्या वर्षीचा मेंटेनन्स-इन्शुरन्स वगैरेचा खर्च दुप्पट झाला तर विकतची बाजू १८९ ने वाढते आणि लीज जिंकते. आमच्या निर्णयाची कमजोर जागा ती आहे. हे मी प्लॅनमध्ये तसंच्या तसं लिहिलं, आणि पहिल्या वर्षापासून महिन्याला १.५ युनिट मेंटेनन्ससाठी बाजूला ठेवणार असंही लिहिलं. मॅडमना नंतर भेटले तेव्हा त्यांनी हाच परिच्छेद आधी वाचला.

राहिला रोख पैशांचा प्रश्न. स्वस्त पडणं वेगळं आणि महिन्याला झेपणं वेगळं. आज २०० भरले तर खेळतं भांडवल एका महिन्याच्याही खाली येत होतं, आणि आमचे मोठे ग्राहक ४५ दिवसांनी पैसे देतात. दोन दिवस असं वाटलं की इथेच लीज घ्यावी लागणार. तेव्हा ती व्याजाची गोष्ट आठवली. कर्जाचा दर आणि डिस्काउंटचा दर एकच असेल तर कर्ज लांबवलं, आखडलं, तरी एकूण तुलनेवर फार फरक पडत नाही, फरक पडतो तो फक्त महिन्याच्या ओढाताणीवर. म्हणून ८०० ऐवजी ८५० कर्ज आणि ४ ऐवजी ५ वर्षं असं मागितलं. हप्ता २१ चा १९ च्या खाली आला आणि आज भरायचे १५०च राहिले. मात्र कर्जाचा दर त्यामुळे वाढत नाहीये ना हे विचारून घ्या, वाढला तर हे गणित बदलतं. आणि एक तपासलं, कर्ज गाडीच्या आयुष्यापेक्षा लांब नको आणि मधे कधी गाडी विकावी लागली तर येणाऱ्या पैशात कर्ज फिटलं पाहिजे. तीन वर्षांनी बाकी कर्ज ४०२, गाडीचा भाव ५२०, म्हणजे फिटतं. लीज मधेच मोडायची तर काय, हेही करारात बघितलं होतं: उरलेल्या भाड्याचा मोठा हिस्सा भरावा लागत होता.

दादाचा एक मुद्दा राहून गेला होता, की लीज कर्जात दिसत नाही म्हणून ताळेबंद चांगला दिसेल. काकांनी तो लगेच सोडवला. आयएफआरएस १६ हे हिशोब मांडण्याचं आंतरराष्ट्रीय मानक २०१९ पासून लागू झालंय, ते ज्यांना लागू आहे त्यांना १२ महिन्यांपेक्षा लांब लीज ताळेबंदात दाखवावीच लागते, आणि लहान किमतीच्या वस्तूंना जी सूट आहे ती गाडीला मिळत नाही. आमच्यासारख्या छोट्यांना ते थेट लागू नसलं तरी कर्ज देणारा माणूस भाड्याची बांधिलकी हप्त्यासारखीच मोजतो. मॅडमनीही तेच सांगितलं.

१४ मार्चला फाइल पुन्हा दिली. आर्थिक भागात आता एक पान तुलनेचं, अर्धं पान गृहीतकांचं (प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला ते, फेऱ्यांची वही, दोन वर्कशॉप, दोन डीलर, करारातलं कलम), आणि पहिल्या वर्षाचं महिनावार रोख पैशांचं टेबल, ज्यात १५० भरण्याचा महिना वेगळा दिसतो. नफा-तोट्यात हप्ता जात नाही, तिथे घसारा आणि व्याज जातं, आणि रोख टेबलात पूर्ण हप्ता जातो. पहिल्या फाइलमध्ये मी दोन्हीकडे हप्ता लिहिला होता, तेही या वेळी दुरुस्त केलं.

१९ दिवसांनी, २ एप्रिलला मंजुरीचं पत्र आलं. मधे एकदाच फोन आला, डीलरचा भाव लेखी आहे का म्हणून. नव्हता, तोंडी होता, तर त्यांनी सहा वर्षांची किंमत २५० ऐवजी २०० धरून बघितली आणि तरी चालतंय म्हणून पुढे सरकवलं. तुम्ही भाव विचारायला जाल तेव्हा निदान एक मेसेज तरी मागून घ्या.

गाडी एप्रिलच्या शेवटी आली. मामांनी पहिल्याच दिवशी मागच्या उंबऱ्याला जाड रबराची पट्टी आणि आत दोन्ही बाजूंना प्लायवूड लावून घेतलं, आपली गाडी असल्याने कुणाला विचारायचं नव्हतं. टेबलाच्या शीटमध्ये मी गृहीतकांच्या शेजारी एक कॉलम वाढवलाय, त्यात दर महिन्याचे खरे किलोमीटर आणि खरा मेंटेनन्स लिहिते. आठ महिन्यांची सरासरी ३१५० किलोमीटर आहे, म्हणजे अंदाजापेक्षा जास्त. त्यामुळे टायरचा पहिला सेट मी तिसऱ्या वर्षातून दुसऱ्या वर्षात सरकवला आणि तिथले ६६ वाढवून ७२ केले.